अण्णांसाठी तीन मिनिटं

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत 31 मे हा निरोपांचा दिवस असतो. जुन्या पिढीत मुलाची जन्मतारीख घरी कुणाला नक्की ठाऊक नसली, की शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून लिहून टाकत. नियम असा आहे, की महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ती तारीख पुढे पन्नासेक वर्षांनी एकाच कचेरीतल्या तिघाचौघांना एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ देते. त्यातच एप्रिल-मे हा बदल्यांचाही हंगाम. ज्यांनी या माणसाबरोबर दहा-पंधरा वर्षं काढली, ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला रुजू झालेले असतात, काही आधीच निवृत्त होऊन मुलांकडे पुण्या-मुंबईला गेलेले असतात. समारंभाला यायची इच्छा असते, पण जमत नाही.

मग कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितं, ‘सर्वांनी दोन शब्द बोलून व्हिडिओ पाठवा, एकत्र करून लावू.’ व्हिडिओ येतात. बारा जण बोलतात आणि बाराही जण सांगतात, की ते फार मनमिळाऊ, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष होते आणि त्यांचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं, आरोग्याचं जावो. चौथ्या माणसापर्यंत हॉलमध्ये कुजबुज सुरू होते. पहिल्या रांगेत सपत्नीक बसलेला माणूस हात जोडून प्रत्येकाचं ऐकत राहतो. बोलणाऱ्यांची माया खरी असते, तरी तिच्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘दोन शब्द बोला’ असं सांगितलं की माणसाला आधी ऐकलेलं भाषणच आठवतं, म्हणून असं होतं.

याउलट एक माणूस आधी सगळ्यांकडून मुद्दे मागवतो, त्यांवर काम करतो, प्रत्येकाला काय बोलायचं ते लिहून देतो आणि मगच चित्रीकरण करतो, तेव्हा तीन मिनिटांत वेगळंच काही घडतं. हे काम कसं होतं, ते एका नमुन्यातून पाहता येईल. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग घेऊ. तिथले एक फिटर निवृत्त होत आहेत. चावीवाला म्हणून लागले, म्हणजे ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारे, आणि पुढे फिटर झाले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हे अण्णा आणि त्यांचे सहकारी समजण्यासाठी रचलेले आहेत. कृष्णेचे पूर मात्र खरे आहेत.

ग्रुपवर जमलेली कच्ची यादी अशी होती: अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. कधी रजा घेतली नाही. पुरात सगळ्या मोटारी वाचवल्या. सगळे व्हॉल्व्ह तोंडपाठ. नवीन मॅडमना गाव दाखवलं. राग लवकर यायचा पण लवकर जायचा. नुसता कान लावून गळती शोधायचे. एकदा साहेबांना न विचारता वस्तीला रात्री पाणी सोडलं. नवीन मुलांना सांभाळून घेतलं. आता नातवंडांत रमा. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

लिहिणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे या यादीची छाननी, आणि तिला एक साधी कसोटी पुरते. त्या वाक्यात अण्णांच्या जागी शेजारच्या कर विभागातल्या लिपिकाचं नाव घातलं तर ते खरं वाटतं का? ‘मनमिळाऊ’ तसंच खरं वाटतं. ‘शुभेच्छा’ आणि ‘नातवंडांत रमा’ही कुणालाही चालतात. पण कर विभागातला लिपिक कान लावून गळती शोधत नाही आणि पुरात मोटारी वाचवायला जात नाही. ही वाक्यं फक्त अण्णांची आहेत. अकरा मुद्द्यांतून असे पाच-सहाच उरतात, आणि तीन मिनिटांना तेही जास्त होतात.

उरलेले मुद्दे तसेच्या तसे वापरता येत नाहीत. ‘पुरात सगळ्या मोटारी वाचवल्या’ हे एका ओळीत उरकलेलं आहे, आतला प्रसंग त्यात नाही. म्हणून ज्याने तो मुद्दा पाठवला त्याला फोन करावा लागतो, आणि या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ याच फोनवर जातो. ‘अण्णांबद्दल अजून काही सांगा’ असं विचारलं की समोरचा माणूस पुन्हा विशेषणं देतो. उपयोगी पडतात ते प्रश्न अगदी लहान असतात. तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? किती वाजले होते? बरोबर कोण होतं? अण्णा काय म्हणाले? आणि सगळ्यात जास्त देणारा प्रश्न: मग काय झालं?

मोटारींचा मुद्दा पंपावर अण्णांबरोबर काम केलेल्या आणि दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेल्या ऑपरेटरने पाठवला होता. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, ‘मोठा पूर होता, आम्ही दोघांनी मोटारी वर घेतल्या.’ कुठला पूर, असं विचारल्यावर ते अडखळले. कृष्णेला अलीकडच्या काळात तीन महापूर आले: 2005, 2019 आणि 2021. काठावरच्या माणसांच्या आठवणीत ते एकमेकांत मिसळून गेलेले असतात. इथे वर्ष चुकलं तर हॉलमधलं निम्मं गाव मनात ते दुरुस्त करत बसेल आणि पुढचं कुणाच्या कानात शिरणार नाही. म्हणून आठवण पडताळायला दुसरी खूण शोधावी लागते. 2005 चा आणि 2021 चा पूर जुलैच्या अखेरीस आला. 2019 चा आला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याने 57 फुटांची पातळी गाठली होती. ऑपरेटरना इतकं आठवत होतं, की 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाला गावात अजून टँकरने पाणी चालू होतं आणि नव्या अभियंता मॅडम तेव्हा रुजू झालेल्या नव्हत्या. मॅडमची रुजू तारीख 2020 ची. वर्ष 2019 ठरलं.

आणि मग ‘मग काय झालं’ या प्रश्नाला खरं उत्तर आलं. नदीतलं पाणी जॅकवेलमध्ये येतं आणि तिथून पंप ते शुद्धीकरण केंद्राकडे चढवतात. पंप खाली पाण्यात असला तरी त्याची मोटार वरच्या मजल्यावर असते, आणि एरवी ती पुराच्या पाण्याच्या कितीतरी वर राहते. त्या वर्षी मात्र पाणी त्या मजल्याकडे चढत होतं. मोटारीत पाणी गेलं की ती उघडून वाळवावी लागते, अनेकदा आतली वायंडिंग नव्याने भरावी लागते, आणि पूर ओसरल्यावरही गावाला आठवडा-आठवडा पाणी मिळत नाही. चार मोटारी होत्या. दोघांनी वीज बंद करून चेन पुलीने एकेक मोटार उचलायला घेतली. तीन निघाल्या. चौथीचे बोल्ट गंजून बसले होते, पाणी पायऱ्या चढून आलं आणि ती सोडून निघावं लागलं.

म्हणजे यादीतलं ‘सगळ्या मोटारी वाचवल्या’ खोटं होतं. पण खरं त्याहून किती मोठं आहे! ऑपरेटरनी पुढे सहज सांगितलं, की अण्णा अजूनही भेटले की त्या चौथ्या मोटारीचाच विषय काढतात. एका माणसाने आपल्या कामाबद्दल इतकी वर्षं काय बाळगलंय, ते या एका वाक्यातून कळतं. पाच मिनिटांचा फोन झाला नसता तर हे वाक्य कुणाच्या कानावर आलं नसतं आणि हॉलमध्ये एक खोटं कौतुक वाजलं असतं, ज्याने अण्णांना आतून टोचलंच असतं. कौतुकात खोट शिरली तर ती सगळ्यांत आधी ज्याचं कौतुक चाललंय त्याला कळते. म्हणून आकडे आणि शब्द तपासायचे ते मुळात त्याच्यासाठी.

आता वगळण्याचं काम. इथे लिहिणाऱ्याने थोडं कठोर झालेलं बरं. ‘साहेबांना न विचारता वस्तीला रात्री पाणी सोडलं’ हा प्रसंग ऐकायला सर्वांत सुंदर आहे. वस्तीत लग्न होतं, टाकी कोरडी होती, अण्णांनी व्हॉल्व्ह उघडला. पण तो नियमाबाहेरचा आहे. समारंभाला मुख्याधिकारी असतात, नगरसेवक असतात, आणि व्हिडिओ त्याच रात्री गावभर फिरतो. सरकारी नोकरीत निवृत्तीनंतरही ठरावीक मुदतीत मागच्या कामाची चौकशी निघू शकते, आणि निवृत्तिवेतनाचं प्रकरण पूर्ण व्हायच्या दिवसांत असा पुरावा कुणाच्या हाती देऊ नये. हा किस्सा चहाच्या वेळी तोंडी सांगायचा. रागाचा मुद्दाही वगळायचा. ‘राग लवकर यायचा पण लवकर जायचा’ हे बोलणाऱ्याला प्रेमळ वाटतं, पण पहिल्या रांगेतल्या सुनेला आणि जावयाला त्यातला पहिलाच भाग ऐकू येतो.

‘कधी रजा घेतली नाही’ या वाक्याचं काय करायचं? कचेरीत ते मोठं कौतुक आहे. घरच्यांना मात्र ते वेगळंच सांगतं. रजा घेतली नाही म्हणजे आजारपणात, बारशाला, सणाला हा माणूस घरी नव्हता. तेच वाक्य जसंच्या तसं पत्नीसमोर उच्चारणं बरं नाही. पण ते फिरवून तिच्याकडे वळवलं, तर यादीतल्या सर्वांत कोरड्या मुद्द्यातून संहितेतलं सर्वांत जिव्हाळ्याचं वाक्य निघू शकतं.

कान लावून गळती शोधण्याचा मुद्दा वगळताना जीव कासावीस होतो. रात्री रहदारी थांबते, घरोघरचे नळ बंद असतात, तेव्हा लोखंडी गजाचं एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरं कानाशी धरलं की जमिनीखाली पाणी निसटत असल्याचा आवाज जाणकाराला ऐकू येतो. प्रसंग छान आहे, पण तो समजावून सांगायलाच अर्धा मिनिट जातो, आणि व्हॉल्व्हचा दुसरा एक प्रसंग आधीच हाताशी आहे. अण्णांच्या हातातलं कसब एकदा दिसलं की पुरे. हा मुद्दा प्रत्यक्ष समारंभात बोलणाऱ्यांपैकी एकाला देऊन टाकायचा.

राहिले चार तुकडे: नवा मुलगा, मॅडमचा नकाशा, पुराची रात्र आणि घरच्यांचे आभार.

क्रम लावताना एक मोह आवरावा लागतो. आपल्याकडे मानपत्राची जुनी परंपरा आहे. अमुक साली, अमुक गावी, गरीब शेतकरी कुटुंबात जन्म, मग शिक्षण, मग नेमणूक, मग बढती. मानपत्र भिंतीवर लावायचं असतं, सावकाश वाचायचं असतं, म्हणून त्याला तो क्रम आणि ती लांब, एकात एक गुंफलेली वाक्यं शोभतात. ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून वाटचाल करीत, कर्तव्याप्रती निष्ठा बाळगत, सहकाऱ्यांच्या मनात आदराचे स्थान निर्माण करणारे’ हे कागदावर ठीक आहे. कॅमेऱ्यासमोर ते वाचणारा माणूस मध्येच श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला क्रियापद येईपर्यंत सुरुवात आठवत नाही. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. मानपत्र लोकांना सांगतं, की हे गृहस्थ असे होते. व्हिडिओ त्या माणसाशीच बोलतो. ‘अण्णांनी आम्हाला शिकवलं’ याऐवजी ‘अण्णा, तुम्ही मला शिकवलंत’ एवढा बदल केला की बोलणाऱ्याचा चेहराही बदलतो, कारण आता तो सभेला नाही तर एका ओळखीच्या माणसाला पाहत असतो.

निरोपाच्या बोलण्यात बारकाव्याची ताकद किती असते, हे महाराष्ट्राने एकदा सगळ्यांनी मिळून अनुभवलं आहे. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडे मैदानावर दोनशेवा कसोटी सामना संपवून सचिन तेंडुलकर बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात कागद होता. कुणाचं नाव राहून जाऊ नये म्हणून यादी आणली आहे, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. म्हणजे तीही एक यादीच होती. पण प्रत्येक नावाला त्याने एक दिसणारी गोष्ट जोडली. आचरेकर सर आले ते स्कूटरसह, शिष्याला मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारे, आणि डोक्यात हवा जाऊ नये म्हणून कधीही ‘छान खेळलास’ न म्हणणारे. बहीण आली ती पहिल्या बॅटसह. ‘माझे गुरू फार थोर होते’ एवढंच तो म्हणाला असता, तर त्या भाषणातली स्कूटर लोकांच्या आठवणीत राहिली नसती. अण्णांच्या संहितेत हेच काम नकाशा, व्हॉल्व्ह आणि चौथी मोटार करतील.

लांबीचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्यासमोर सावकाश, शब्द कळतील असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. मधले थांबे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणं, चेहरा क्षणभर दिसू देणं, हे धरून तीन मिनिटांना तीनशेच्या आतलेच शब्द लिहायचे. चार माणसं, प्रत्येकी साधारण पन्नास शब्द. संहिता साधारण अशी होते.

तरुण चावीवाला (वरच्या टाकीपाशी, मागे व्हॉल्व्ह दिसतो): अण्णा, ओळखलंत का हा व्हॉल्व्ह? कामावर लागलो त्या आठवड्यात मी हा एका दमात बंद करायला निघालो होतो. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. म्हणालात, ‘सावकाश. आत पाणी धावतंय. एकदम अडवलंस तर पाइप फोडेल.’ तेव्हापासून मी आटे मोजत बंद करतो. आता माझ्या हाताखाली एक नवा मुलगा आलाय. त्यालाही तेच सांगितलं.

अभियंता मॅडम (बदलीच्या गावी, टेबलापाशी): अण्णा, नमस्कार. मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे गावाचा नकाशा होता. तुम्ही तो पाहिलात आणि म्हणालात, ‘मॅडम, ह्यातले सहा व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेत.’ दुसऱ्या दिवशी पहाटे आपण गावभर चाललो. कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या ओट्याखाली आहे, ते तुम्ही सांगत होता आणि मी लाल पेनाने खुणा करत होते. माझी बदली झाली, पण तो नकाशा मी तिथंच ठेवलाय. सगळे तोच वापरतात.

निवृत्त पंप ऑपरेटर (घरी, अंगणात): काय अण्णा, सुटलास एकदाचा? 2019 ची ती रात्र आठवतीय का? पाणी जॅकवेलच्या पायऱ्या चढत होतं. मी म्हणत होतो, चल निघू. तू म्हणालास, ‘मोटारी बुडल्या तर गाव प्यायला काय करेल?’ तीन मोटारी काढल्या आपण. चौथी राहिली. भेटलास की तू त्या चौथीचंच बोलतोस. आज सगळ्यांसमोर सांगतो, त्या तिघींवर गावाला पाणी मिळालं. चौथीचं आता सोड.

विभागातली लिपिक (कचेरीत, मागे सगळे उभे): वहिनी, आता तुमच्याशी बोलायचंय. इतकी वर्षं पाइप फुटला, मोटार जळाली की रात्री तुमच्याकडे फोन वाजायचा. ते फोन आम्हीच केले. अण्णा निघायचे, आणि तुम्हीही जाग्या व्हायचात. त्याबद्दल तुमचे आभार आम्ही कधी मानले नाहीत. आज मानतो. अण्णा, उद्या पहाटे पाचला फोन वाजणार नाही. कधी वाजलाच, तर चहाला बोलवायला असेल.

हे मोठ्याने वाचून घड्याळ लावलं तर साधारण दोन मिनिटं होतात, आणि मधले थांबे धरून तीन मिनिटांच्या आत बसतं. आता त्यात काय काय आहे ते पाहण्यासारखं आहे. ‘मनमिळाऊ’ हा शब्द कुठेच नाही, पण नव्या मुलाच्या हातावर ठेवलेला हात आहे. ‘सगळे व्हॉल्व्ह तोंडपाठ’ हे नकाशात विरघळलं आहे. ‘कधी रजा घेतली नाही’ हे वहिनींच्या आभारात आलं आहे. शेवटी शुभेच्छांचं वाक्य नाही. ते लिहावंसं वाटतं, पण समारंभात आधीच दहा जणांनी ते म्हटलेलं असतं.

पुराचा तुकडा तिसरा ठेवण्यालाही कारण आहे. तो सगळ्यात जड आहे. तो पहिला आला तर पुढचे तिघे फिके पडतात. अगदी शेवटी आला तर हॉल डोळे पुसत बसतो आणि अण्णांना उठून उत्तराचं भाषण करता येत नाही. त्याच्यानंतर वहिनींकडे वळल्याने सगळ्यांच्या नजरा अण्णांवरून हलतात आणि त्यांना सावरायला अर्धा मिनिट मिळतो. भावनांची जागा ठरवताना ज्याला ते सोसायचं आहे त्याचा विचार आधी करावा.

बोलीचा प्रश्न पुष्कळांना अवघड वाटतो, कारण लिहून देणारा नकळत सगळ्यांना स्वतःच्या भाषेत बोलायला लावतो. ऑपरेटर अण्णांना ‘तू’ म्हणतात, कारण दोघं बरोबरीने लागले. त्यांच्या तोंडी ‘आपण’ घातलं तर अण्णांनाच परकं वाटेल. मॅडम हुद्द्याने वर आणि वयाने लहान, म्हणून त्या ‘तुम्ही’ म्हणतात आणि अण्णा त्यांना ‘मॅडम’. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाच्या बोलण्यातलं ‘आठवतीय का’ सुधारून ‘आठवते का’ करू नये. संहिता पाठ करायलाही लावू नये. पाठ केलेलं बोलताना डोळे वर जातात आणि वाक्याच्या शेवटी सूर एकसारखा पडतो, हे पडद्यावर लगेच कळतं. चार-पाच शब्दांच्या खुणा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागे धरायच्या: हात, सावकाश, आटे, नवा मुलगा. मधली वाक्यं माणूस आपली आपण बोलतो, आणि ती लिहिलेल्यापेक्षा बरी निघतात. फक्त तारखा, आकडे आणि अण्णांच्या तोंडचं वाक्य मात्र ठरल्याप्रमाणेच यायला हवं.

अण्णांच्या तोंडचं वाक्य नेमकं कुठलं होतं, याचीही खात्री करायची. ज्याच्याशी ते बोलले त्याला दोनदा, वेगवेगळ्या दिवशी विचारायचं. दोन्ही वेळा शब्द जवळपास तेच आले तर अवतरणात घ्यायचे, नाही तर ‘तुम्ही मला थांबवलंत’ असं साध्या शब्दांत सांगायचं. समोर बसलेल्या माणसाच्या नावावर त्याने न म्हटलेलं वाक्य घालू नये.

चित्रीकरणाबद्दल दोन-तीन गोष्टींवाचून सगळं वाया जातं. हॉलमधला पडदा आडवा असतो, म्हणून फोनही आडवा धरायचा. उभा धरला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मध्ये चिंचोळा चेहरा दिसतो. पंखा बंद करायचा आणि फोन बोलणाऱ्यापासून दोन-तीन फुटांवरच ठेवायचा, कारण हॉलमध्ये आवाज घुमतो आणि आधीच अस्पष्ट असलेला शब्द तिथे हरवून जातो. टाकीपाशी पाण्याचा आवाज असेल तर चावीवाल्याला चार पावलं दूर उभं करायचं, व्हॉल्व्ह मागे दिसला म्हणजे झालं. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहरे धूसर होतात. तोच डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवला तर जसा आहे तसा पोचतो. पडद्यावर बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सध्याचं गाव खाली लिहावं, कारण अण्णांच्या घरच्यांनी ही नावं वर्षानुवर्षं ऐकलेली असतात, चेहरे पाहिलेले नसतात.

मागे संगीत लावायचा आग्रह बहुतेक ठिकाणी होतो. लावायचंच तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही सेकंदांपुरतं लावावं. ऑपरेटर ‘चौथीचं आता सोड’ म्हणतात, त्यानंतरची दोन सेकंद अगदी मोकळी ठेवावीत.

जे तुकडे कापले, ते पुसून टाकू नयेत. मॅडम पाच मिनिटं बोलल्या असतील आणि त्यातलं पाऊण मिनिट घेतलं असेल. ऑपरेटरनी जॅकवेलबद्दल आणखी बरंच सांगितलं असेल. नियमाबाहेरचं काही नसलेलं ते सगळं चित्रीकरण, आणि ज्यांना व्हिडिओत घेता आलं नाही त्यांचे मुद्दे टंकून काढलेली दोन पानं, असं एका पेनड्राइव्हवर अण्णांच्या मुलाच्या हाती द्यावं. समारंभाच्या आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवरून, त्याच स्पीकरवर एकदा सगळं लावून शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं. तिथे लिपिकेचं ‘वहिनी’ स्पष्ट ऐकू आलं नाही, तर तेवढा तुकडा त्याच संध्याकाळी पुन्हा घ्यायचा.